डावी ग्रिप निघाली एकदाची! (हवा आणि साबणाचं पाणी, दोन्ही लागलं)

जुन्या सायकलचं काम पुढे सरकलंय. हँडलबारच्या दोन्ही रबरी ग्रिप काढायच्या होत्या, आणि शक्यतो न कापता, कारण त्या नक्षीच्या ग्रिप आता मिळत नाहीत आणि मला परत त्याच बसवायच्यात.

शनिवार. उजवी पाच मिनिटांत निघाली. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बिनसुईची सिरिंज, आणि टोक घासून गोल केलेला एक जुना स्पोक एवढंच लागलं. ब्रेक लिव्हरकडची कड स्पोकने जराशी उचलली, फटीत पाणी सोडलं, स्पोक बारच्या भोवती फिरवला आणि मग ग्रिप पिळत पिळत बाहेर ढकलली. ढकलली म्हणतोय, ओढली नाही, हे लक्षात ठेवा. बाहेरचं टोक धरून ओढलं की रबर लांबतं आणि लांबलं की बारीक होऊन बारला अजूनच आवळतं, आतल्या कडेकडून ढकललं की उलट फुगतं.

डावी मात्र हलेना. स्पोक तीनेक सेंटीमीटर आत जायचा आणि अडायचा, सोडलेलं पाणी तसंच परत बाहेर. पिळून बघितलं तर रबर वळायचं आणि हात सोडला की जागेवर यायचं. नुसती जाम झालेली ग्रिप पिळल्यावर थोडी तरी सरकते आणि सरकलेलीच राहते. ही स्प्रिंगसारखी परत येत होती, म्हणजे कुणीतरी आत गोंद लावलेला, पण कुठे आणि किती ते बाहेरून कसं कळणार?

रविवार. मित्राचा छोटा कॉम्प्रेसर आणला, एअर गनला बारीक नोझल. चष्मा घातला, कडेखाली नोझल घालून बोटांनी भोवतीचं रबर दाबून धरलं आणि दोन बार दाबावर (साधारण ३० पीएसआय) हवा सोडली. काहीच नाही, नुसता सुस्स आवाज, आणि तो येत होता उजवीकडून! हँडलबार आतून पोकळ, उजवी ग्रिप काढलेली, त्यामुळे आत शिरलेली हवा बारमधून फिरून दुसऱ्या टोकाने निघून जात होती. त्या टोकात ओल्या फडक्याचा घट्ट बोळा कोंबला, वरून मित्राने तळहात दाबून धरला, आणि परत हवा सोडली.

आता ग्रिप फुगली, पण सगळीकडे सारखी नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. वरची बाजू आणि मधला भाग चांगला टम्म फुगला, पण खालच्या बाजूला, बोटं येतात तिथे, दोन जागा चपट्याच राहिल्या, एक कडेपासून तीन सेंटीमीटरवर आणि दुसरी पार टोकाजवळ. गोंद तिथेच! हवा चालू असतानाच खडूने दोन्ही जागांना गोल केले.

मग काम सोपं झालं. आंधळेपणाने सगळीकडे स्पोक खुपसण्याऐवजी वरच्या मोकळ्या बाजूने स्पोक आत घातला आणि तिथून पहिल्या खुणेखाली आडवा सरकवत नेला, मधेमधे सिरिंजने पाणी. साबणाने असला सुकलेला गोंद विरघळत नाही, पण सुटलेला भाग परत चिकटत नाही आणि स्पोक रबर न फाडता सरकतो. पहिली जागा दहा मिनिटांत सुटली. दुसरीपर्यंत स्पोक जेमतेम पोचला, अर्धीच सुटली, म्हणून उरलेलं हवेवर सोडलं. दाब तीन बारवर नेला, एका हाताने ग्रिप पिळत राहिलो, आणि फट्ट करून ती निघालीच.

इथे एक सांगतो, ग्रिपच्या समोर कुणी उभं राहू नका. बारचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी, म्हणजे बंद टोकावर साधारण ३.९ चौरस सेंटीमीटर जागा, आणि तीन बारला त्यावर जवळजवळ बारा किलोचा जोर येतो. माझी ग्रिप सुटून भिंतीवर आपटली. तळहाताने बोळा धरणाऱ्यानेही जाड हातमोजा घालावा, मित्राने घातला होता.

आतून बघितलं तर पिवळट गोंदाचे दोन ठिपके, बरोबर खडूच्या खुणांच्या मागे. आख्खी ग्रिप गोंदाने माखलेली असती तर हवेला शिरायला जागाच मिळाली नसती, तिथे कापण्याशिवाय पर्याय नाही. माझा बार स्टीलचा म्हणून स्पोक चालला, कार्बनवर धातू अजिबात नको, बांबूची काडी घ्या.

सोमवार. बार आणि ग्रिपचा आतला भाग साध्या पाण्याने तीनदा धुतला, कारण राहिलेला साबण पावसात परत ओला होतो आणि ग्रिप हातात गोल फिरते. बसवताना साबण नाहीच वापरला, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आत ओतून झटक्यात सरकवल्या, ते उडून जातं. रात्रभर ठेवल्या, सकाळी दोन्ही जोर लावून पिळून बघितल्या, जराही फिरत नाहीत.