उंचीची उचल

तुम्ही विचारलंत म्हणून: “डॉक्टर, वजन जास्त असलं तरी उंची छान वाढतेय ना? मग उंचीत ते जिरून जाईल, असं तुम्ही का म्हणत नाही?”

म्हणत नाही, कारण त्या उंचीचा बराचसा भाग त्या वजनानेच आणलेला असतो. लठ्ठ मुलांमध्ये वाढीचे मुख्य हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, उलट कमी स्रवते आणि तरीही ती समवयस्कांपेक्षा उंच दिसतात. याचे एक मोठे कारण इन्सुलिन आहे. चरबी वाढली की रक्तातले इन्सुलिन वाढते आणि त्यामुळे यकृतात आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारे एक प्रथिन कमी तयार होते. मोकळे झालेले आयजीएफ-१ हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीवर, म्हणजे वाढपट्टीवर, अधिक काम करते. चरबीतून येणारे लेप्टिन हे हार्मोनही तिथल्या पेशींना चालना देते. दुसरीकडे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतले अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन लवकर वाढू लागते आणि चरबीतच असलेले अरोमाटेज हे विकर त्यातल्या काही भागाचे इस्ट्रोजेन करते. हाडे पक्व करून शेवटी वाढपट्टी बंद करणारे हार्मोन, मुलांत काय आणि मुलींत काय, इस्ट्रोजेनच असते. म्हणजे जे वजन उंची पुढे ढकलते, तेच ती थांबण्याची वेळही अलीकडे आणते.

एका मुलीची गोष्ट सांगतो. साडेआठ वर्षांची, उंची १३९ सेंटिमीटर, वजन ४५ किलो. वडील १६८ सेंटिमीटर, आई १५४. वडिलांच्या उंचीतून १३ वजा करून आईच्या उंचीशी सरासरी काढली की मुलीची अपेक्षित उंची मिळते. ती इथे १५४.५ सेंटिमीटर येत होती, अर्थात आठेक सेंटिमीटर इकडेतिकडे धरून. वर्गात ती सर्वांत उंच होती आणि ती आपल्यालाही मागे टाकणार, याची वडिलांना खात्री होती. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा मनगटाच्या कडेचे वाटाण्याएवढे हाड, जे त्या वयात सहसा अजून दिसत नाही, स्पष्ट दिसत होते आणि बोटांच्या हाडांची टोके खालच्या दांड्याइतकी रुंद झाली होती. हाडांचे वय साडेदहा भरले, म्हणजे तिची हाडे साडेदहा वर्षांच्या मुलीइतकी पक्व झाली होती. साडेदहा वर्षांच्या मुलीची सरासरी उंची १४१ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे वर्गात सर्वांत उंच असलेली ही मुलगी स्वतःच्या हाडांच्या मानाने सरासरीच्या किंचित खालीच होती. मी ते दोन आकडे शेजारी लिहून दाखवले. वडील म्हणाले, “यंत्राचं काय एवढं, डोळ्यांना दिसतंय ना!”

साडेदहाव्या वर्षी, १५० सेंटिमीटरवर, तिला पाळी आली. पाळीनंतर मुलींची उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. मैत्रिणी एकेक करून तिच्या बरोबरीला आणि मग पुढे गेल्या. साडेबारा वर्षांची असताना उंची मोजण्याच्या पट्टीला टाच टेकवून ती उभी राहिली, आकडा १५५ आला, मागच्या वेळेइतकाच. तिने विचारले, “डॉक्टर, मी थांबले का?” खोलीत तिचे आईवडील दोघेही होते आणि दोघेही गप्प होते. मी “हो” म्हणालो.

आता हे नीट समजून घ्या. त्या मुलीचे काही सेंटिमीटर कुणी चोरले नाहीत. आईवडिलांच्या उंचीवरून जिथे तिने पोहोचावे, तिथेच ती पोहोचली. बहुतेक लठ्ठ मुलांचे असेच होते: लहानपणी मिळालेली आघाडी ही पुढच्या वर्षांतून घेतलेली उचल असते, यौवनातली झेप तेवढी लहान पडते आणि अंतिम उंची सरासरीने इतरांच्या जवळपासच ठरते. “लठ्ठपणामुळे मूल बुटके राहील” अशी भीती मी घालत नाही, कारण ती खरी नाही. पण मग नुकसान नसेल तर आईवडिलांना हे सांगून काय साधते, असे माझ्यातला जुना डॉक्टर मला विचारतो. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणू शकतो की वजनाकडे पाहायची तीन-चार वर्षे “उंचीत जिरेल” या भरवशावर निघून जातात आणि उंची थांबते तेव्हा वजन तिथेच असते.

उंचीचे हे मोजमाप आणखी एका कारणासाठी मी सोडत नाही. वजन वाढते आहे आणि यौवनाआधीच्या मुलाची उंची मात्र वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नाही, किंवा लठ्ठ मूल वयाच्या मानाने बुटके आहे, हे साध्या लठ्ठपणाचे चित्र नव्हे. तिथे थायरॉइड कमी पडते आहे का, शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे हार्मोन जास्त झाले आहे का, हे पाहावेच लागते. उंच मुलाबाबत मी या तपासण्या सहसा करत नाही. म्हणूनच “एवढी लठ्ठ आहे, थायरॉइडच असेल” असे म्हणणाऱ्यांनाही मी आधी उंचीच्या जुन्या नोंदी आणायला सांगतो.