मंडईच्या रस्त्यावरचं शून्य

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही गोष्ट. मी अभियांत्रिकी कॉलेजात गणित शिकवतो. गावात भुयारी गटाराचं काम सुरू होणार होतं आणि त्यासाठी भाजी मंडईचा रस्ता दीड महिना खोदून ठेवावा लागणार होता. तो बंद केला तर बाजाराच्या दिवशी गावाचं काय होईल, एवढंच नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांना आमच्याकडून हवं होतं. गुरुवार बाजाराचा. दिवाळी तोंडावर आलेली आणि मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात. बारा मुलं-मुली घेऊन मी सकाळी नऊलाच पोचलो.

गावाचा मधला भाग सोपा आहे. चार चौक आणि त्यांना जोडणारे पाच रस्ते. बसस्टँड चौकातून एक रस्ता गांधी चौकाकडे जातो आणि दुसरा तहसील चौकाकडे. त्या दोन्ही चौकांतून एकेक रस्ता मोंढा नाक्याला मिळतो, गांधी चौकाचा नाल्याच्या पुलावरून. आणि गांधी चौकातून तहसील चौकाकडे मधूनच जाणारा पाचवा रस्ता, तोच मंडईचा. बाजाराच्या दिवशी या पाचही रस्त्यांवर मोठ्या वाहनांना एकाच दिशेनं सोडतात, त्यामुळे उलट येणाऱ्यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. मोटारसायकली आम्ही सोडूनच दिल्या. त्या बोळातून घुसतात, दारात उभ्या राहतात, कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. तीन चाकांपासून पुढचं सगळं मोजायचं ठरलं: रिक्षा, काळी-पिवळी, छोटा हत्ती, ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक, एसटी.

पद्धत साधी. चौकात जेवढी वाहनं आली तेवढीच बाहेर पडली पाहिजेत. प्रत्येक चौकाचं एक समीकरण होतं. गावाबाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या रस्त्यांवर मुलं बसवायची, येणं वजा जाणं करायचं आणि आतल्या पाच रस्त्यांचे आकडे समीकरणांतून काढायचे. पण समीकरणं चार आणि अज्ञात पाच, म्हणजे काहीतरी कमी पडणार हे मला ठाऊक होतं. म्हणून आतल्या दोन रस्त्यांवरही दोन मुलं उभी केली. बसस्टँड चौकात सावली होती, चहाचं दुकान होतं, आणि तिथून निघणारे दोन्ही रस्ते एका जागेवरून दिसत होते. दोघांना तिथंच ठेवलं. चूक इथं झाली आणि ती माझी होती.

दहा ते अकरा मोजणी झाली. वहीवर उभ्या चार रेघा, पाचवी आडवी, अशा जुड्या. बेरीज केली तर गावात 517 वाहनं आलेली आणि 510 गेलेली. ही तपासणी आधी करावी लागते. एकूण येणं आणि एकूण जाणं जुळत नसेल, तर चार समीकरणं एकमेकांशी भांडतात आणि उत्तरच निघत नाही. सात वाहनं गेली कुठं? एका मुलीच्याच लक्षात आलं की बसस्टँडच्या फाटकातून आत शिरलेल्या आणि तासाभरात बाहेर न आलेल्या एसट्या आम्ही धरल्याच नव्हत्या. फाटकावरच्या कंट्रोलरच्या नोंदी पाहिल्या. बरोबर सात. मग बसस्टँड चौकाचे 427 होते ते 420 झाले आणि समीकरणं अशी मांडली:

```
x1 + x2      = 420    (बसस्टँड चौक)
x1 - x3 - x5 = 130    (गांधी चौक)
x2 - x4 + x5 = -90    (तहसील चौक)
x3 + x4      = 380    (मोंढा नाका)
```

`x1` बसस्टँड ते गांधी चौक, `x2` बसस्टँड ते तहसील, `x3` गांधी चौक ते मोंढा नाका, `x4` तहसील ते मोंढा नाका आणि `x5` मंडईचा रस्ता. दुसरं आणि तिसरं समीकरण मिळवलं की जे येतं, तेच पहिल्यातून चौथं वजा केल्यावरही येतं. म्हणजे चारपैकी एक समीकरण बाकीच्यांतूनच निघतं. खरी माहिती तीन समीकरणांची आणि अज्ञात पाच. दोन चल मोकळे राहतात.

बसस्टँडच्या दोघांनी मोजलेले आकडे होते 300 आणि 118. समीकरणाप्रमाणे बेरीज 420 हवी, आली 418. दोनाचाच फरक. पोरं खूश झाली, मीही खूश झालो. `x2` ला 120 धरलं आणि तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला कोष्टक सोडवायला बसवलं.

अर्ध्या तासानं तो साहेबांसमोरच कागद घेऊन आला. गांधी चौक ते मोंढा नाका 170, तहसील ते मोंढा नाका 210, मंडईचा रस्ता शून्य.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिकडून मोठं वाहन जातच नाही. मग सोमवारी जेसीबी लावून टाकू."

मी कागद हातात घेतला. चौकांचे आकडे चारही बरोबर होते. पण मंडईच्या रस्त्यावरून सकाळी मी स्वतः टेम्पोमागं अडकलो होतो. मी त्याला विचारलं, "हे शून्य आलं कुठून?" तो म्हणाला, "सर, शेवटी एक ओळ पूर्ण शून्याची आली. एक चल मोकळा राहिला, म्हणून तो शून्य धरला." परीक्षेत आम्ही तसंच शिकवतो. मोकळ्या चलाला हवी ती किंमत द्या, शून्य सोयीचं पडतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण कागदावर 170 आणि 210 च्या रांगेत ते शून्य बसलं की मोजलेल्या आकड्यासारखंच दिसतं.

मी म्हटलं, पण दोन मोकळे चल होते आणि आपण दोन रस्ते मोजले. मग एक अजून मोकळा का? तेवढ्यात चहा प्यायला आलेले ट्रॅफिकचे जमादार वाकून कागद बघू लागले. "काय मोजायलाव सर?" मी नकाशा दाखवला आणि विचारलं, गांधी चौकातली रिक्षा मोंढ्याला कशी जाते? ते म्हणाले, "पुलावरून गेली काय अन् मंडईतून तहसीलवरून गेली काय, निघायची मोंढा नाक्यालाच की वो!"

त्या एका वाक्यात सगळं होतं. गांधी चौकातली एक रिक्षा पुलाच्या रस्त्यावरून काढा आणि मंडईतून पाठवा. `x3` एकानं कमी झाला, `x5` एकानं वाढला, `x4` एकानं वाढला. गांधी चौकातून बाहेर पडणारी वाहनं तेवढीच. तहसीलला एक जास्त आली आणि एक जास्त गेली. मोंढा नाक्यावरही बेरीज तीच. आम्ही बसवलेल्या एकाही मुलाच्या वहीत फरक पडत नाही. अशा रिक्षा एकापासून 170 पर्यंत कितीही फिरवा. त्यापुढं मात्र पुलाच्या रस्त्याचा आकडा उणे होतो आणि उणे वाहनं नसतात. म्हणजे आमच्याकडे एक उत्तर नव्हतं, उत्तरांचं अख्खं कुटुंब होतं:

```
x3 = 170 - t,  x4 = 210 + t,  x5 = t,   0 ≤ t ≤ 170
```

त्यातलं पहिलं उत्तर आम्ही साहेबांच्या हातात दिलं होतं.

आणि माझी चूक नेमकी काय तेही आता दिसलं. बसस्टँड चौकातून आत जाणारे रस्ते दोनच. एक मोजला की दुसरा समीकरणानंच ठरतो. दुसऱ्या मुलानं तासभर जे मोजलं ते आम्हाला आधीच माहीत होतं. म्हणून तर ते इतकं छान जुळलं! जुळणाऱ्या आकड्यानं मोजणी चोख असल्याची खात्री पटते, नवी माहिती शून्य. मुलं बसवताना नकाशावर एवढंच पाहायला हवं होतं: न मोजलेल्या रस्त्यांची कुठं बंद कडी उरते का? गांधी चौक, तहसील, मोंढा नाका यांना जोडणारे तीन रस्ते मिळून कडी पूर्ण होत होती. ती एका ठिकाणी तोडली की काम झालं.

तोडायची कुठं? मंडईच्या रस्त्यावर मोजून उपयोग नव्हता. तिथं टेम्पो आत शिरतो आणि माल उतरवत तासभर उभा राहतो. या टोकाचा आकडा त्या टोकाशी जुळत नाही. मी फालतू ठरलेल्या त्या मुलाला उचलून गांधी चौकापुढच्या नाल्याच्या पुलावर नेलं. पण दहा-अकराच्या आकड्यांत नंतरच्या तासाचा एक आकडा घुसडता येत नाही, म्हणून सगळ्यांना पुन्हा बसवलं. सव्वाअकरा ते सव्वाबारा. ऊन चटकायला लागलं होतं. पोरांनी कुरकुर केली नाही.

या तासाला बसस्टँड चौकात निव्वळ 440 आली, तहसीलला 80. गांधी चौकातून 140 बाहेर गेली, मोंढा नाक्यावरून 380. दोन्हीकडे 520. बसस्टँड ते गांधी चौक 310. पुलावर 62.

आता उत्तर एकच. 310 मधून 140 गेली, 62 गेली, उरली 108. मंडईच्या रस्त्यावर तासाला 108 मोठी वाहनं. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रस्ता तर खोदावाच लागेल सर."

खोदायचाच म्हणजे `x5` शून्य. सकाळी तो आम्ही शून्य मानला होता, आता बॅरिकेड लावून शून्य करणार होतो. आकडा तोच, अर्थ अगदी वेगळा. बाहेरची येणी-जाणी तीच राहिली असं धरलं तर पुन्हा एक चल मोकळा उरतो, पण यावेळी तो आमच्या हातातला होता: बसस्टँडवरून गांधी चौकाकडे किती वाहनं सोडायची. 310 तशीच सोडली तर पुलावर 170 येतात. जमादार म्हणाले, "शंभराच्या वर गेल्या की पूल जाम होतोय." म्हणजे गांधी चौकाकडे जास्तीत जास्त 240. आणि कमीत कमी 140, कारण तिथून बाहेरगावी जाणाऱ्यांना दुसरी वाट नाही. थोडक्यात, तासाला निदान 70 वाहनं बसस्टँड चौकातच तहसीलकडे वळवायची. मोंढ्याला जाणाऱ्या सगळ्या ट्रॉल्या आणि ट्रक तिथंच वळवायचे असं जमादारांनी ठरवलं.

पुढच्या गुरुवारी मी एकटाच गेलो. मंडईच्या तोंडाला पत्रे लागले होते. दहा ते अकरा पुलावर उभं राहून मोजलं. 88. पूल वाहत होता.

पण गांधी चौक तुंबला होता. मंडईचा माल घेऊन येणारे टेम्पो आत जाता येईना म्हणून चौकातच उभे, आणि हमाल तिथून हातगाड्यांवर पोती भरत होते. त्या 108 पैकी मंडईतून पलीकडं जाणारी किती आणि मंडईतच थांबणारी किती, हे आमच्या समीकरणांत कुठंच नव्हतं. आमच्या हिशेबात प्रत्येक वाहन चौकातून चौकात जात होतं, कुणालाही कुठं पोचायचं नव्हतं. जमादार मला बघून हसले आणि एका छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरला हात दाखवून तहसीलच्या बाजूनं मंडईच्या मागच्या फाटकाकडे पाठवायला लागले. मी वही काढली आणि कोणत्या टेम्पोत काय माल आहे ते विचारत फिरू लागलो.