माझा अनुभव: फोरमनकाका निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडचं ज्ञान कसं उतरवून घेतलं

नवी मुंबईत घणसोलीला खाडीच्या बाजूला आमच्या इमारतीचं पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब उतरवायचं काम, चालू होतं. मी क्वालिटीचं काम बघतो. पायलिंगचे फोरमन, ज्यांना सगळी साइट काका म्हणते, पावसाळ्याआधी निवृत्त होणार होते आणि निम्म्याहून जास्त पाइल्स बाकी होत्या. ऑफिसने हँडओव्हरचा फॉर्म पाठवला. काकांनी तो नीट भरून दिला: रजिस्टर कुठे आहे, भोकाच्या बाजू ढासळू नयेत म्हणून लागणारं बेंटोनाइट कोणाकडून येतं, कोणती बिलं अडकली आहेत. ‘सॉकेटिंग कधी थांबवायचं’, म्हणजे कातळात किती आत गेल्यावर खोदणं बंद करायचं, या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘कन्सल्टंटच्या मंजुरीप्रमाणे’.

ते खोटं नव्हतं, पण कन्सल्टंटचा माणूस रोज साइटवर नसतो. खोदणारी रिग चालू असताना ‘अजून मारा’ की ‘बस’ हे आधी काका ठरवत, मग नमुना दाखवून मंजुरी घेतली जाई. आपल्याकडे वर खाडीचा चिखल, त्याखाली पिवळा मुरूम आणि मग काळा कातळ. जमीन तपासायचे बोअरहोल मोजक्याच ठिकाणी घेतलेले असतात, दोन बोअरहोलच्या मधे कातळ किती खाली आहे ते पाइल मारतानाच कळतं. बेसाल्ट कुजताना कांद्यासारखा थराथराने सुटतो आणि मधले टणक गोळे मुरमात तसेच राहतात. अशा गोळ्यावर पाइल टेकवली तर कागदावर ती कातळात असते, प्रत्यक्षात तिच्या खाली मऊ मुरूम असतो. गोळा कोणता आणि सलग कातळ कोणता, हे काकांना कळायचं. हेच अव्यक्त ज्ञान, आणि फॉर्ममध्ये ते येणं शक्यच नव्हतं.

काय विचारायचं ते मी रजिस्टरवरून ठरवलं. ज्या पाइल्सची शेवटची खोली बोअरहोलवरून काढलेल्या अंदाजापेक्षा बरीच वेगळी होती, किंवा शेजारच्या पाइलशी जुळत नव्हती, तेवढ्याच बाजूला काढल्या. जिथे आकडा अंदाजाप्रमाणे आला तिथे काकांना डोकं लावावं लागलं नव्हतं. जिथे आकडा हलला, तिथे कोणीतरी काहीतरी ओळखून निर्णय घेतला होता. जाणाऱ्या माणसाकडून काय घ्यायचं हे शोधायला मला यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही.

त्यातली एक पाइल घेऊन बसलो. अंदाज १७ मीटरचा, प्रत्यक्षात थांबली २० मीटरच्या पुढे. ‘का पुढे गेलात?’ विचारलं की उत्तर येतं, ‘अनुभवाने कळतं.’ ते बरोबरच आहे, पण त्याने पुढच्या माणसाच्या हातात काही पडत नाही. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांशी बोलून एक पद्धत बसवली होती, तिचा मला खूप उपयोग झाला. एकच घडलेला प्रसंग घ्यायचा. आधी तो अडवल्याशिवाय ऐकायचा. मग वेळेच्या क्रमाने कागदावर मांडायचा. मग निर्णयाच्या प्रत्येक वळणावर थांबून विचारायचं की त्या क्षणी काय दिसलं, काय ऐकू आलं, दुसरं काय करता आलं असतं. शेवटी विचारायचं, ‘तुमच्या जागी नवा पोरगा असता तर कुठे फसला असता?’

या शेवटच्या प्रश्नाला काका खुलले. रिगच्या ज्या उभ्या दांड्याच्या टोकाला खोदणारा ऑगर असतो, त्या केलीबद्दल बोलू लागले. म्हणाले, “१७ वर काळ्या दगडाची चीप आली की पोरगा खूश होतो, थांबतो. मी केलीकडे बघतो. गोळ्यावर ऑगर एका बाजूला सरकतो, केली हिसके देते. सलग कातळात ती एकसारखी थरथरते आणि खाली जाण्याचा वेग हळूहळू कमी होत जातो. इथे वेग एकदम पडला होता. आणि काळ्या चिपांबरोबर पिवळं येत होतं. गोळा असेल तर पिवळं येणारच.” त्यांनी चालू ठेवलं आणि मीटरभराने ऑगर परत मऊ मुरमात गेला.

तरीही मुलाखतीत सगळं येत नाही. हाताला जे कळतं ते बोलताना आठवत नाही. म्हणून पुढच्या पाइल्सच्या चिपा वेगवेगळ्या खोलीवर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या. पिशवीवर फक्त एक खूण घातली, पाइल क्रमांक आणि खोली माझ्या वहीत ठेवली. टेबलावर सगळ्या मिसळून काकांना म्हटलं, “थांबायच्या एका बाजूला, पुढे जायच्या दुसऱ्या बाजूला लावा.” त्यांनी प्रत्येक चीप पाण्यात धुतली, खिळ्याने ओरखडली, कडेने बोटांनी मोडून पाहिली आणि लोखंडी प्लेटवर टाकून आवाज ऐकला. ताज्या बेसाल्टची चीप खणकन वाजते, कुजलेल्या दगडाची बद्द. मुलाखतीत या चारही गोष्टींतली एकही आली नव्हती. मी प्रत्येक पिशवीला ‘ही इकडे का?’ एवढंच विचारत होतो आणि बाजूला बसलेली ज्युनिअर इंजिनिअर लिहून घेत होती. त्या पिशव्या आजही साइट ऑफिसात आहेत, नव्या माणसाला आधी त्याच लावायला देतो.

त्यानंतर रिगपाशी उलटं सुरू केलं. निर्णय आधी ज्युनिअरने वहीत लिहायचा, मग काकांनी तोंडाने सांगायचा. दोघांचं जुळलं तर पुढे जायचं, न जुळलं तर तिथेच उभं राहून बोलायचं. सुरुवातीला ती लवकर थांबत होती. नंतर नंतर फरक फक्त अर्धवट कुजलेल्या दगडावर उरला, आणि तिथे काकाही कन्सल्टंटला बोलावूनच ठरवत. त्यांच्या ज्ञानाची हद्द तिथे आहे, हेही लिहून ठेवलं.

केलीची थरथर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिली, इंजिनच्या आवाजात काही कळत नाही. ती गोष्ट शेजारी उभं राहूनच शिकावी लागते. म्हणूनच नवा फोरमन काका असतानाच आणा असा आग्रह मी धरला आणि दोघांना काही आठवडे एकत्र मिळाले. हा खर्च वाचवला असता तर बाकीचं सगळं अर्धं राहिलं असतं.

काकांकडून आलेली प्रत्येक गोष्ट तशीच लिहिली नाही. बेंटोनाइट जितकं घट्ट तितकी माती ढासळत नाही, असं त्यांचं मत. खोदताना त्यात तथ्य आहे, पण काँक्रीट ओतताना तळाशी बेंटोनाइटची जड स्लरी राहिली तर तळापर्यंत सोडलेल्या ट्रेमी पाइपमधून येणारं काँक्रीट तिला नीट वर ढकलत नाही. आमच्या मेथड स्टेटमेंटमध्ये त्या वेळी तळाच्या स्लरीची घनता १.२५ च्या वर चालत नाही. त्यांच्यासमोर तळाचा नमुना काढून घनता मोजली, बोललो, आणि नोंद दोन भागांत लिहिली: खोदताना काय, ओतण्याआधी काय.

या सगळ्याची वेगळी फाइल केली नाही, कारण ती कोणी उघडत नाही. पाइल रजिस्टरलाच एक रकाना वाढवला, ‘का थांबलो’. त्यात चिपेचा रंग, पिवळं येतं का, वेग कसा बदलला आणि आवाज कसा, एवढं लिहायचं. वर कोणती रिग ते लिहायचं, कारण दुसऱ्या मशीनवर हेच हिसके वेगळे जाणवतात आणि तिथे ही नोंद जशीच्या तशी लावता येत नाही.