अर्ध्या दिवसाची संवादकौशल्य कार्यशाळा आणि आठ रकान्यांचा फॉर्म

कंपनीत नव्याने लागलेल्या २४ मुलामुलींसाठी संवादकौशल्याची कार्यशाळा आखायचं काम माझ्याकडे आलं. वेळ साडेनऊ ते दीड. खोली, साहित्य, यादी हे सगळं पटापट झालं. अडकलं ते मनुष्यबळ विभागाच्या वेळापत्रकाच्या फॉर्मवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

फॉर्ममध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ रकाने, प्रत्येकासमोर 'विषय'. मी चारच सराव लिहून पाठवले. फॉर्म परत आला. "मॅडम, चार तासांत चारच? वरती काय सांगू? आणि ही वीस मिनिटांची 'चर्चा' कशाला? तेवढ्यात देहबोली होऊन जाईल." देहबोली, टेलिफोन, मीटिंग, ईमेल, सादरीकरण, मतभेद, अभिप्राय, ऐकणं असे आठ विषय त्यांनी स्वतःच भरून दिले होते. म्हणजे आठ भाषणं, आणि सराव शून्य.

मी एकच सराव मिनिटांत मांडून त्यांच्यासमोर ठेवला. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे चौकोन, त्रिकोण, वर्तुळं जोडून केलेली आकृती असते. तो वर्णन करतो, दुसरा काढतो. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्या फेरीत आकृती नवी, पण तितकीच अवघड, आणि प्रश्न हवे तेवढे विचारायचे. लेविट आणि म्युलर यांनी १९५१ साली अशाच प्रयोगाचे निष्कर्ष छापले होते: प्रश्नांची मुभा असली की वेळ जास्त लागतो, पण चित्र जास्त बरोबर येतं. म्हणून दुसऱ्या फेरीला जास्त मिनिटं द्यावीच लागतात. जोड्या बसवायला ३, सूचना ४, पहिली फेरी ५, दुसरी ८, चित्रं ताडून पाहायला ५. झाली २५. चर्चा काढून टाकली तर हा अर्ध्या तासाच्या रकान्यात छान बसतो, आणि उरतो फक्त खेळ.

चर्चेची पहिली काही मिनिटं हसण्यात आणि "मी 'डावीकडे' म्हणालो होतो", "कोणाच्या डावीकडे?" यात जातात. ती जाऊ द्यायची. त्यानंतर मी एकच प्रश्न विचारते: कामावर पहिल्या फेरीसारखं कधी होतं? आमच्या कार्यशाळेत थोडी शांतता पसरली, मग एक मुलगी म्हणाली, "साहेब काम सांगतात तेव्हा. कळलं नाही तरी मी हो म्हणते." पुढची आठ मिनिटं सगळे त्यावरच बोलत होते. चर्चा दहाव्या मिनिटाला आटोपली असती तर हे बाहेर आलंच नसतं.

मिनिटांचा हा हिशेब दाखवूनही फॉर्म पास होईना. शेवटी मी चर्चेला 'प्रश्न विचारण्याचं कौशल्य' असं नाव देऊन तिला स्वतंत्र रकाना दिला. इतर चर्चांनाही अशीच नावं दिली. आठ रकाने भरले, मंजुरी आली. मधल्या वेळात किती ईमेल गेले ते आठवायचंही नाही.

प्रत्यक्षात वापरलं ते वेळापत्रक असं: ओळख २० मिनिटं, आकृती ४५, तिघांच्या गटात ऐकण्याचा सराव ५० (एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक, भूमिका आलटूनपालटून), सुट्टी १५, दोन मिनिटं उभं राहून बोलणं ५०, लांबलचक ईमेल चार ओळींत आणणं ३०, समारोप १५. उरलेली १५ कुठेच लिहायची नाहीत. ती उशिरा येणाऱ्यांची आणि बंद पडणाऱ्या प्रोजेक्टरची.

दोन मिनिटांच्या भाषणाचा हिशेब आधी करा. २४ जण, प्रत्येकी दोन मिनिटं बोलणं आणि दोन मिनिटं अभिप्राय, म्हणजे ९६ मिनिटं, आणि विसाव्या वक्त्याला कोणी ऐकत नसतं. सहा-सहाचे चार गट एकाच वेळी चालवले तर हेच २४ मिनिटांत होतं. तयारी, सूचना आणि शेवटची चर्चा धरूनही पन्नासात बसतं. एवढं मात्र आहे की चार गट तुम्ही एकट्याने ऐकू शकत नाही. म्हणून अभिप्राय कसा द्यायचा हे आधी फळ्यावर लिहा: काय ऐकू आलं, कुठे हरवलो. "छान बोललास" चालणार नाही.

आणि हो, आकृतीच्या सरावात संख्या विषम झाली तर उरलेल्याबरोबर तुम्ही स्वतः जोडी करून बसू नका. त्याला निरीक्षक करा आणि कोण कुठे गप्प बसलं ते टिपायला सांगा. चर्चेची सुरुवात त्याच्यापासूनच करायची.