तुम्ही विचारलंत म्हणून: थांबवल्याचं पत्र

"मला ना चक्कर येत, ना थकवा. मग रक्तपेढीनं मलाच रक्त देण्यापासून काहून थांबवलं?"

असं थांबवल्याची पत्रं नागपुरातल्या एका रक्तपेढीत मीच लिहिते. आधी त्यात 'अपात्र' असा शब्द होता. तो वाचून एक काका मुलाला सोबत घेऊन आले, चेहरा पार उतरलेला. तेव्हापासून मी 'सध्या थांबा' लिहिते.

रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं, बाई असो की पुरुष. शिबिरात बोटातला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतो. तो सरळ तळाशी गेला तर ठीक. प्रतापनगरच्या एका शिक्षिकाताईंचा थेंब मधेच अडला आणि वर आला. मशीनवर आकडा निघाला 11.6.

त्या वर्षातून तीनदा रक्त द्यायच्या, तेही नियमाप्रमाणे चार महिन्यांचं अंतर ठेवून. गोम तिथंच होती. 350 मिलीच्या एका पिशवीसोबत साधारण 150 मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम शोषतं आणि त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत अन् पाळीत संपतं. शिल्लक कमी होत जाते, पण शरीर आधी साठवणीतलं लोह वापरतं. म्हणून आकडा उशिरा पडतो, आणि हळूहळू पडला की माणसाला जाणवतही नाही.

"मी तर रोज पालक खाते," ताई म्हणाल्या. पालकातलं लोह अंगी फार कमी लागतं. त्यात त्यांचा नाश्ता म्हणजे तर्री-पोहे आणि लगेच कडक चहा, आणि चहा तर ते शोषणच अडवतो. चहा तासभर पुढे ढकला, पोह्यांवर लिंबू पिळा, हंगामात संत्रं खा, एवढं मी पत्रात लिहिलं. पण आटलेली साठवण नुसत्या जेवणानं भरायला फार वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या घ्या, असंही लिहिलं. गोळ्यांनी शौच काळी होते, घाबरू नका. (हे लिहिलं नाही, तर लोक आठवड्यात गोळ्या सोडतात.)

महिन्याभरानं पुन्हा तपासायचं. नेमानं गोळ्या घेऊनही आकडा एखाद्या अंकानं वर सरकला नाही, तर कारण वेगळं असू शकतं. आपल्याकडे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक निघतात. त्यांच्या रक्तपेशी मुळातच लहान असतात, आणि लोहाची कमतरता नसेल तर गोळ्यांचा उपयोग नाही. पुरुषाचा किंवा पाळी गेलेल्या बाईचा आकडा घसरला, तर मी पत्रात पोटातल्या रक्तस्रावाची तपासणी करा, असं ठळक लिहिते. तिथं नुसत्या गोळ्या देऊन आकडा चढवणं म्हणजे दुखणं झाकणं.

ताई तीन महिन्यांनी आल्या, आकडा 12.9. रक्त घेतलं. "आता गोळ्या बंद ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, डॉक्टर सांगतील तोवर नाही, आकडा भरला तरी साठवण भरायची आहे. आणि आता वर्षातून दोनदाच या.