दुकानातून स्वतःला पगार: आकडा कसा ठरवायचा, राखीव किती ठेवायची

"दिवाळीत गल्ला भरलेला असतो आणि आषाढात घरातल्या किराण्यालाही ओढाताण होते. दुकानातून स्वतःला ठरावीक पगार घ्यायचा तर तो किती, आणि मंदीच्या महिन्यात आणायचा कुठून?"

पगाराचा आकडा विक्रीवरून किंवा घरखर्चावरून काढू नका, वर्षभराच्या शिलकीवरून काढा. नाशिकच्या सिडकोतलं एक रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान धरू. वर्षाची विक्री ३६ लाख. सवलती दिल्यानंतर हातात राहणारं मार्जिन २२ टक्के, म्हणजे ७ लाख ९२ हजार. भाडं, एका मदतनिसाचा पगार, वीज, पिशव्या आणि फोन मिळून महिन्याला २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. उरले ५ लाख ४ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ४२ हजार.

हे ४२ हजार पूर्ण उचलायचे नाहीत. त्यातूनच आयकर जायचा आहे, न खपलेल्या मालाचं नुकसान सोसायचं आहे आणि पुढच्या वर्षी तोच माल महाग भरायचा आहे. या दुकानाला ३० हजार पगार झेपतो. वर्षाचे उरलेले १ लाख ४४ हजार दुकानाचे.

आता मंदी. समजा जुलैत विक्री १ लाख ६० हजार, ऑगस्टात १ लाख ७५ हजार आणि पितृपक्षामुळे सप्टेंबरात दीड लाख झाली. खर्च वजा जाता शिल्लक राहते ११,२००, १४,५०० आणि ९,००० रुपये. तीन महिन्यांची मिळून ३४,७००, पगार मात्र ९० हजार. तूट ५५,३००. जूनअखेर एवढी रक्कम बाजूला हवी. दोन-तीन महिन्यांचा पगार राखीव ठेवा, असं सरसकट सांगितलं जातं. त्यापेक्षा आपल्या सगळ्यात लांब मंदीची तूट अशी मोजलेली बरी. शिवाय दिवाळी दरवर्षी एकाच महिन्यात येत नाही. २०२५ मध्ये ती ऑक्टोबरात होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ज्या वर्षी ती पुढे सरकते, त्या वर्षी सातपूर-अंबडच्या कामगारांचा बोनसही उशिरा बाजारात येतो आणि ऑक्टोबरचे पहिले दिवस सुने जातात. म्हणून आणखी एका महिन्याची तूट धरून राखीव ७५ हजारांची करावी.

हा पैसा दुकानाच्या खात्यात राहिला तर मालात जातो, घरच्या खात्यात राहिला तर घरात. त्यासाठी तिसरं, वेगळं बचत खातं उघडा. त्याचं कार्ड खिशात ठेवू नका आणि ते यूपीआयला जोडू नका. दर १ तारखेला मागच्या महिन्याची शिल्लक काढा. चांगला महिना असेल तर पगाराचे ३० हजार आणि राखीव ७५ हजारांपर्यंत नेण्यापुरते पैसे या खात्यात टाका, वरचे दुकानातच राहू द्या. वाईट महिन्यात असेल तेवढीच शिल्लक टाका. ५ तारखेला इथून घरच्या खात्यावर ३० हजार आपोआप जावेत, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दिवाळीच्या महिन्यात. खात्यात चार-पाच लाख दिसतात, पण माल ३०-४५ दिवसांच्या उधारीवर भरलेला असतो आणि व्यापाऱ्याचं पेमेंट अजून जायचं असतं. त्या महिन्यात बँकेतली रक्कम पाहून नव्हे, विक्रीचे २२ टक्के धरून शिल्लक काढा. गिऱ्हाइकांकडची उधारी वाढली असेल तर तेवढी रक्कम त्यातून वजा करा, कारण ती हातात आलेलीच नाही.

हे २२ टक्के खरे आहेत का, हे दर तीन महिन्यांनी तपासावं लागतं. सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शेवटचा माल, सगळं खरेदीच्या भावाने. ही रक्कम विक्रीतून वजा केली की खरं मार्जिन कळतं. राखीव खातं भरलेलं असूनही व्यापाऱ्यांची पेमेंटं लांबायला लागली, तर मार्जिन जास्त धरलंय असं समजा. बहुतेक वेळा सेलमधली सूट आणि साइज तुटून पडून राहिलेला माल हिशेबात आलेला नसतो.

पगार चालू झाला की गल्ल्यातून भाजीसाठी दोनशे, पेट्रोलसाठी तीनशे घेणं बंद करावं लागतं. रोजचे २०० म्हटले तरी महिन्याला ६ हजार होतात, म्हणजे पगार ३० नाही, ३६ हजार झाला. घरच्यांसाठी दुकानातला कपडा घेतला तर तो खरेदीभावाने वहीत लिहा आणि पुढच्या पगारातून वळता करा.

एकट्या मालकीच्या दुकानात हा पगार आयकराच्या दृष्टीने खर्च धरला जात नाही, ती मालकाची उचल असते. कर सगळ्या नफ्यावर लागतो, त्यामुळे ३० हजारांवर हिशेब करून कराची रक्कम कमी बाजूला काढू नका.

आकडा वर्षातून एकदाच, दिवाळीचा माल आणि पेमेंटं निपटल्यावर बदला. पंचवटीतल्या दुकानदारांनी २०२७ च्या सिंहस्थातली जादा कमाई या हिशेबात अजिबात धरू नये. याआधीचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला होता. त्या पैशातून राखीव एकदम पूर्ण करावी, जुनी देणी फेडावीत, पगार आहे तोच ठेवावा.