सरपंचांना दिलेले पत्र आणि त्यात गेलेले एकवीस दिवस

पदव्युत्तर प्रबंधासाठी मला पुणे जिल्ह्यातील एका दुष्काळी गावात साठेक कुटुंबांच्या पाणीवापराची पाहणी करायची होती. प्रश्नावली, महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि सोबतीला दोन मैत्रिणी हे सारे आठवड्याभरात जुळले. सरपंचांच्या नावे लिहिलेल्या एका पानाच्या अर्जाला मात्र एकवीस दिवस लागले. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले पत्र मी सरपंचांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी ते आपुलकीने वाचले आणि "करा की, आपलंच गाव आहे" असे म्हणाले. तेवढ्या शब्दावर विसंबून आम्ही दहा दिवसांनी प्रश्नावल्या घेऊन गेलो, तर ग्रामसेवकांनी पहिलाच प्रश्न केला, "अर्जाचा आवक क्रमांक काय?" तो नव्हताच. सरपंच गावाचे प्रमुख असले तरी दप्तर ग्रामसेवकांच्या ताब्यात असते, आणि आवक नोंदवहीत न चढलेला कागद कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो. त्यामुळे पत्र सरपंचांच्या नावे लिहावे, पण कार्यालयातच द्यावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नये. ग्रामसेवकांकडे बहुधा शेजारच्या गावाचाही कार्यभार असतो. इथे ते मंगळवारी आणि शुक्रवारीच बसत, म्हणून येण्याचे वार आधी विचारून घ्यावेत.

क्रमांक मिळाला, तरी खरी अडचण पुढेच होती. पत्रात मी "सर्वेक्षणास परवानगी व आवश्यक ती माहिती मिळावी" एवढेच लिहिले होते. मला हवी होती घरांची यादी, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ८. तिच्यात मालकांची नावे आणि कराचे आकडे असल्याने ग्रामसेवक एकट्याच्या जबाबदारीवर ती दाखवायला तयार होईनात. त्यांनी अर्ज मासिक सभेपुढे ठेवला. ती सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि पुढची आठवड्याने ठरली. त्या आठवड्यात मी पत्र नव्याने लिहिले. त्यातला कळीचा भाग असा होता:

"नमुना ८ मधील केवळ घर क्रमांक कार्यालयातच बसून उतरवून घेण्याची अनुमती मिळावी, मालकाचे नाव व आकारणीची रक्कम घेतली जाणार नाही. पाहणीत आधार, रेशनकार्ड, बँक खाते किंवा जमिनीची माहिती विचारली जाणार नाही. या पाहणीचा कोणत्याही शासकीय योजनेशी संबंध नाही. प्रत्येक कुटुंबाची संमती स्वतंत्रपणे घेतली जाईल आणि कोणासही नकार देता येईल."

याखाली पाहणीच्या तारखा, रोजची वेळ आणि आम्हा तिघींची नावे दिली. सभेत यावर फारशी चर्चाही झाली नाही आणि परवानगी मिळाली.

योजनेविषयीचे वाक्य किती गरजेचे होते, ते पहिल्याच दिवशी कळले. दारातच एका आजींनी "घरकुलाची यादी हाय का?" असे विचारले. मी शिक्क्याची प्रत काढून तेच वाक्य मोठ्याने वाचले, तेव्हा त्या निवांत बसून बोलू लागल्या. हाच मजकूर शिपायाने गावाच्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकला होता.

सहकार्य कोणते नको, हेही पत्रात लिहायला हवे होते. मी ते लिहिले नाही. सुरुवातीच्या घरांत एक सदस्य मोठ्या मायेने आमच्याबरोबर आले. त्यांच्यासमोर एका ताईंनी नळाला रोज पाणी येते असे सांगितले. सदस्य पुढे गेल्यावर त्याच ताईंनी भिंतीशी ओळीने ठेवलेली तीन पिंपे दाखवली आणि पाणी चौथ्या दिवशी येते म्हणाल्या. ते घर आम्ही पुन्हा केले आणि सदस्यांना नम्रपणे फक्त वस्तीपर्यंत सोडण्याची विनंती केली.

यादीचेही एक सांगायचे राहिले. नमुना ८ मध्ये ३१८ घरे होती आणि आम्ही दर पाचवे घर घेणार होतो. पण गायरानावरची चौदा घरे तिच्यात नव्हतीच, आणि पाण्याचे हाल तर तिथेच सर्वांत जास्त होते. ती अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब नोंदवहीतून मिळाली. शिवाय एका घर क्रमांकावर तीन चुली निघाल्या, म्हणून कुटुंब म्हणजे एक चूल असे धरून त्यातली एक चिठ्ठी टाकून निवडली. अंगणवाडीच्या सहकार्याची विनंतीही त्याच पत्रात करून ठेवली असती, तर आणखी एक फेरी वाचली असती.

निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवीन, असे मी पत्राच्या शेवटी लिहून दिले होते. १ मेच्या ग्रामसभेसाठी दोन पानांचा सारांश तयार आहे, आणि त्याचा आवक क्रमांक मी गेल्या मंगळवारीच घेऊन ठेवला आहे.